इमर्जन्सी गोळीनंतर मधेच ब्लीडिंग झालं: ही पाळी समजायची का, आणि टेस्ट नक्की कधी करायची

गोळी घेऊन चार-पाच दिवस झालेले असतात, आणि सकाळी बाथरूममध्ये गेल्यावर निकरवर तपकिरी डाग दिसतो. पाळीची तारीख तर अजून दहा-बारा दिवस लांब आहे. मग एक जण म्हणते "चला, पाळी आली, सुटले", दुसरी म्हणते "म्हणजे गोळीने काम केलं", आणि तिसरी रात्रभर जागून विचार करते की हे गर्भ रुजल्याचं ब्लीडिंग तर नाही ना. मला ओळखीच्या मुलींकडून आणि बायकांकडून सगळ्यात जास्त वेळा हेच विचारलं जातं, आणि तिघींनाही माझं उत्तर एकच असतं: या डागावरून यातलं काहीही कळत नाही. कळतं ते तारखांवरून आणि टेस्टवरून. म्हणून आज ते नीट सांगते, सावकाश, कारण गडबड होते ती घाईतच.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घेऊ. मी इथे जी गोळी धरून बोलतेय ती लेव्होनॉरजेस्ट्रेलची, दीड मिलिग्रॅमची एकच गोळी, जी संबंधांनंतर ७२ तासांच्या आत आणि जितक्या लवकर तितकी चांगली अशी घेतात. दुसरी एक युलिप्रिस्टल नावाची ३० मिलिग्रॅमची असते, ती १२० तासांपर्यंत चालते, तिचं थोडं वेगळं आहे ते पुढे सांगते. आणि गर्भपाताच्या गोळ्या हा पूर्णपणे वेगळा प्रकार आहे, त्यात मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल असतं आणि त्यानंतर भरपूर ब्लीडिंग होणं अपेक्षितच असतं. इमर्जन्सी गोळीत तसं काही अपेक्षित नसतं. बऱ्याच जणी या दोन्हींची सरमिसळ करतात आणि मग "मला ब्लीडिंग झालंच नाही, म्हणजे गोळी फेल" असं धरून बसतात. तर पाकिटावरचं नाव एकदा वाचून घ्या, तुम्ही नक्की कुठली गोळी घेतली आहे ते.

ब्लीडिंग होतंच का

ही गोळी म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनचा एक मोठा डोस आहे. तिचं मुख्य काम ओव्ह्युलेशन, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडणं, पुढे ढकलायचं. शुक्राणू शरीरात साधारण पाच दिवस जगू शकतात, त्यामुळे बीज पाच-सहा दिवस उशिरा बाहेर पडलं तर तोवर ते संपलेले असतात आणि गाठच पडत नाही. बस, एवढंच. गर्भाशयातून काही "पाडणं" हे तिचं काम नाही, आणि गर्भ आधीच रुजलेला असेल तर ती त्याचं काही करत नाही.

आता हे हार्मोन एकदम शरीरात वाढतं आणि मग दोन-चार दिवसांत उतरत जातं. गर्भाशयाचं आतलं अस्तर हार्मोनच्या आधारावर टिकून असतं, तो आधार अचानक वाढला आणि अचानक गेला की अस्तराचा थोडा भाग सुटतो. तेच रक्त खाली येतं. कधी नुसते डाग, कधी दोन दिवस पॅड लावायला लागेल एवढं, आणि कधीकधी अगदी पाळीसारखं चार दिवस. रंग तपकिरी असला तर ते जुनं, सावकाश खाली आलेलं रक्त असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आणि बऱ्याच जणींना मधे काहीच होत नाही, पाळी थेट आपल्या वेळेला किंवा थोडी मागेपुढे येते. हे पण तितकंच नॉर्मल आहे.

म्हणजे ब्लीडिंग झालं तर त्याचा अर्थ एवढाच की हार्मोन चढलं आणि उतरलं. ओव्ह्युलेशन वेळेत थांबलं की नाही हे त्यातून कळत नाही, कारण ते अंडाशयातलं काम आहे आणि रक्त गर्भाशयाच्या अस्तराचं.

आणि ती जी तिसरी मैत्रीण रात्रभर जागते, तिच्यासाठी. गर्भ रुजायला ओव्ह्युलेशननंतर साधारण सहा ते बारा दिवस लागतात, बहुतेक वेळा आठ ते दहा. गोळीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जो डाग दिसला तो त्या संबंधांतून रुजलेल्या गर्भाचा असणं वेळेच्या हिशोबात सहसा बसत नाही. तसंच दुसऱ्या दिवशीची मळमळ, छाती दुखणं, डोकं जड होणं, गळून गेल्यासारखं वाटणं, हे सगळं गोळीचं असतं. लक्षणं प्रेग्नन्सीसारखीच असतात म्हणून मन तिकडे धावतं, पण इतक्या लवकर प्रेग्नन्सीची लक्षणं येत नाहीत.

पहिलं काम: चार तारखा लिहून काढा

खरंच लिहा, मोबाईलमध्ये किंवा कागदावर. डोक्यात ठेवलं की चार दिवसांनी सगळं मिसळतं.

एक, शेवटची पाळी सुरू झाली तो दिवस. दोन, ज्या संबंधांसाठी गोळी घेतली त्यांची तारीख आणि अंदाजे वेळ. तीन, गोळी घेतली ती तारीख आणि वेळ. चार, पुढची पाळी नेहमीच्या हिशोबाने कधी यायला हवी ती तारीख. आणि गोळीनंतर पुन्हा कधी असुरक्षित संबंध आले असतील तर ती पाचवी तारीख, ही सगळ्यात जास्त विसरली जाते आणि सगळ्यात जास्त घोळ हीच करते.

गोळी घेतल्यावर उलटी झाली होती का तेही बाजूला लिहून ठेवा. दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली असेल तर गोळी नीट शोषली गेली नाही असं धरतात आणि दुसरी घ्यावी लागते. फिट्सच्या किंवा टीबीच्या काही गोळ्या चालू असतील, म्हणजे कार्बामाझेपिन, फेनिटोइन, रिफाम्पिसिन वगैरे, तर त्यांच्यामुळे या गोळीचा असर कमी होतो. यातलं काही तुम्हाला लागू असेल तर बाकी सगळं ठीक दिसलं तरी टेस्ट टाळायची नाही.

दुसरं: गोळी पाळीच्या कुठल्या दिवसांत घेतली ते बघा

ब्लीडिंगचा पॅटर्न बराचसा यावर ठरतो. गोळी पाळी संपल्यावर लवकर, म्हणजे ओव्ह्युलेशनला अजून बरेच दिवस असताना घेतली, तर मधेच ब्लीडिंग होण्याची किंवा पुढची पाळी लवकर येण्याची शक्यता जास्त. ओव्ह्युलेशनच्या आसपास घेतली तर पाळी थोडी लांबू शकते, कारण बीजच उशिरा बाहेर पडलं तर पाळीही तितकी पुढे सरकणार. ओव्ह्युलेशन होऊन गेल्यावर घेतली तर पाळीच्या तारखेत फार फरक पडत नाही, पण मग गोळीने थांबवायला काही उरलेलंही नसतं, आणि हे बायकांना कुणी स्पष्ट सांगत नाही म्हणून मी सांगतेय. गोळी घेतली म्हणजे शंभर टक्के झालं असं नसतं.

एकंदरीत बहुतेकींची पाळी ठरलेल्या तारखेच्या एक आठवडा अलीकडे-पलीकडे येते. त्या पाळीला रक्त नेहमीपेक्षा जास्त किंवा कमी जाणं, एखाद दिवस जास्त चालणं, हे पण चालतं. त्याच्या पुढच्या महिन्यात बहुधा गाडी रुळावर येते. एकाच महिन्यात दोन-तीनदा गोळी घेतली असेल तर मात्र डागांचा खेळ जास्त दिवस चालतो, कारण हार्मोन परत परत चढतं आणि उतरतं. त्याने कायमचं काही बिघडत नाही, पण कुठलं रक्त कशाचं हे ओळखणं जवळजवळ अशक्य होतं, आणि मग टेस्टशिवाय दुसरा आधार राहत नाही.

युलिप्रिस्टल घेतली असेल तर पाळी लांबण्याकडे कल जास्त असतो, दोन-चार दिवस उशीर तर अगदी सर्रास.

तिसरं: रक्त मोजा, अंदाज नको

"खूप जातंय" म्हणजे किती ते प्रत्येकीचं वेगळं असतं, म्हणून पॅडच्या भाषेत लिहून ठेवा. तारीख, रंग, दिवसभरात किती पॅड, ते पूर्ण भिजले की नुसते डागले, गाठी पडल्या का, पोटात दुखलं का आणि कुठे. तीन ओळी पुरतात. डॉक्टरकडे जायची वेळ आलीच तर या तीन ओळींचा उपयोग फार होतो.

डाग किंवा हलकं ब्लीडिंग सात दिवसांच्या आत थांबलं, पॅड दिवसाला दोन-तीन, खाली ओटीपोटात पाळीसारखी मंद कळ, हे सगळं वाट बघण्यासारखं आहे. दुखत असेल तर पॅरासिटामॉल घ्या, गरम पाण्याची पिशवी ठेवा. पण ब्लीडिंग थांबवायच्या किंवा पाळी "आणायच्या" हार्मोनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. मला यातलं सगळ्यात जास्त हेच खटकतं. पाळी दोन दिवस लांबली की कुणीतरी सांगतं पाच दिवसांचा कोर्स घे म्हणजे येईल, आणि आधी टेस्ट करा असं कुणी म्हणत नाही. त्या गोळ्या पण प्रोजेस्टेरॉनच्याच असतात, म्हणजे त्या थांबवल्यावर येणारं रक्त पण पुन्हा हार्मोन उतरल्याचंच, आणि पाळी कधी आली हा हिशोब कायमचा हरवतो.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं: २१ दिवस मोजा, पण कुठून?

गोळी घेतल्यापासून नाही. ब्लीडिंग झालं तिथून तर नाहीच. मोजायचं शेवटच्या असुरक्षित संबंधांपासून.

२१च का, ते समजून घेतलं की मग कुणाला विचारायची गरज राहत नाही. शुक्राणू पाच दिवस थांबू शकतात, म्हणजे बीज संबंधांनंतर पाचव्या दिवशी बाहेर पडलं तरी गर्भ राहू शकतो. त्यानंतर रुजायला जास्तीत जास्त बारा दिवस धरा. झाले सतरा. रुजल्यावर शरीरात एचसीजी नावाचं हार्मोन तयार व्हायला लागतं, टेस्ट किट तेच शोधतं, पण सुरुवातीला ते इतकं थोडं असतं की लघवीत दिसत नाही, साधारण दोन-तीन दिवसांत ते दुप्पट होत जातं. किटमध्ये दिसण्याइतकं व्हायला अजून तीन-चार दिवस द्या. सतरा आणि चार, एकवीस. म्हणजे हा आकडा सगळ्यात उशिराची शक्यता धरून काढलेला आहे. म्हणूनच २१ दिवसांनी नीट केलेली टेस्ट निगेटिव्ह आली तर त्या संबंधांपुरतं मन शांत करायला हरकत नाही.

त्याआधी टेस्ट केली तर पॉझिटिव्ह आलेली खरी धरायची, पण निगेटिव्ह आलेली धरायची नाही. आठव्या-नवव्या दिवशी निगेटिव्ह येणारच, गर्भ राहिला असेल तरी येणार. मला कळतं की तोवर दम निघत नाही. पण पाच किट वापरून पाच वेळा खोटा दिलासा मिळवण्यापेक्षा कॅलेंडरवर एक तारीख गोल करून ठेवलेली बरी.

पाळी ठरलेल्या दिवसापेक्षा सात दिवसांहून जास्त लांबली तर २१ दिवस झाले नसले तरी त्या दिवशी एक टेस्ट करा, आणि निगेटिव्ह आली तर २१व्या दिवशी परत करा.

एक उदाहरण पूर्ण बघू

समजा एकीची पाळी १ मार्चला सुरू झाली. तिचं चक्र २८ दिवसांचं, म्हणजे पुढची पाळी २९ मार्चला अपेक्षित. ११ मार्चच्या रात्री कंडोम फाटला, तिने १२ तारखेला सकाळी गोळी घेतली. उलटी झाली नाही, दुसरी कुठली औषधं चालू नाहीत. हे वेळेत घेणं झालं, आणि अकराव्या-बाराव्या दिवशी म्हणजे ओव्ह्युलेशनच्या साधारण तोंडावर.

१६ तारखेला तपकिरी डाग. १७ आणि १८ला लाल रक्त, दिवसाला दोन पॅड, पूर्ण न भिजलेले. १९ला बंद. तिने धरलं की पाळी येऊन गेली. २० तारखेला खात्री म्हणून टेस्ट केली, निगेटिव्ह. संबंधांपासून तो फक्त नववा दिवस होता, म्हणजे त्या टेस्टला अर्थ नव्हता, पण तिला वाटलं सगळं मिटलं. आणि इथेच खरी चूक झाली: "पाळी नुकतीच झालीय, हे दिवस सेफ आहेत" असं म्हणून २२ मार्चला कंडोम न वापरता संबंध आले.

आता विचार करा. १६ ते १८चं ब्लीडिंग पाळी नव्हतं, हार्मोन उतरल्याचं होतं. गोळीने बीज पुढे ढकललं होतं, म्हणजे ते अजून बाहेर पडायचं होतं. इमर्जन्सी गोळी पुढच्या संबंधांसाठी काहीच संरक्षण देत नाही, उलट ढकललेलं ओव्ह्युलेशन नेमकं नंतरच्या दिवसांत येऊ शकतं. तिला ज्या दिवसांत सेफ वाटत होतं तेच दिवस जास्त धोक्याचे होते.

तिच्या लक्षात हे दोन दिवसांत आलं असतं तर ती पुन्हा गोळी घेऊ शकली असती, एकाच महिन्यात दुसऱ्यांदा घ्यायला बंदी नाही, फक्त आधी जी घेतली त्याच प्रकारची घ्यायची, या दोन प्रकारांची अदलाबदल करायची नाही, कारण एकीने दुसरीचा असर कमी होऊ शकतो. पण तिच्या ते लक्षात आलं नाही. २९ मार्च उलटून गेला, पाळी नाही. मग घाबरून तिने हिशोब मांडला. ११ मार्च अधिक २१ म्हणजे १ एप्रिल. त्या दिवशी टेस्ट केली, निगेटिव्ह. यातून ११ तारखेचं कोडं सुटलं, पण २२ तारखेचं नाही, कारण त्याला तेव्हा जेमतेम दहा दिवस झाले होते.

४ एप्रिलला पाळी आली, सहा दिवस उशिरा, नेहमीसारखी कळ, नेहमीसारखं रक्त, दुसऱ्या दिवशी जास्त आणि मग कमी होत गेलेलं. पाळी ओव्ह्युलेशननंतर साधारण १४ दिवसांनी येते, मागे मोजलं तर ओव्ह्युलेशन २१ मार्चच्या आसपास झालं असणार असा अंदाज निघतो. म्हणजे ११ तारखेचे शुक्राणू तोवर केव्हाच संपले होते, गोळीने आपलं काम चोख केलं होतं. आणि २२चे संबंध ओव्ह्युलेशनला अगदी चिकटून होते. गर्भ राहिला नाही हा योग. तरी तिने १२ एप्रिलला, २२ मार्च अधिक २१, शेवटची टेस्ट केली आणि ती निगेटिव्ह आल्यावर विषय संपवला. पाळी नीट आल्यावर ती टेस्ट करायलाच हवी होती का? नेहमीसारखी भरलेली, वेळेच्या आसपास आलेली पाळी असेल तर बहुतेकदा गरज पडत नाही. पण या एका चक्रात एकदा रक्ताने फसवलेलं होतं, म्हणून तिने केली ते योग्यच केलं असं माझं मत.

टेस्ट करताना

सकाळची पहिली लघवी घ्या, रात्रभर साठलेली असल्याने ती दाट असते. २१ दिवस पूर्ण झाले असतील तर दिवसा केली तरी चालते, फक्त त्याआधी भरपूर पाणी पिऊन लघवी पातळ करू नका. एक्स्पायरी बघा. स्वच्छ कोरड्या भांड्यात लघवी घ्या, किटवर लिहिले असतील तेवढेच थेंब टाका, टायमर लावा. निकाल किटवर सांगितलेल्या वेळेतच वाचायचा, बहुतेक किटमध्ये तो तीन ते पाच मिनिटं असतो. दहा मिनिटांनंतर जी राखाडी फिकट रेघ कधीकधी दिसते ती लघवी वाळल्याची असते, ती धरायची नाही. कचऱ्यातून किट परत काढून बघू नका, प्लीज, त्याने झोप उडण्याशिवाय काही होत नाही.

वेळेच्या आत दुसरी रेघ दिसली, कितीही फिकट असली आणि तिला रंग असला, तर ती पॉझिटिव्ह धरा आणि दोन दिवसांनी पुन्हा करा. कंट्रोलची रेघच आली नाही तर किट बाद.

गोळीच्या हार्मोनमुळे टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येत नाही, ते हार्मोनच वेगळं आहे. ब्लीडिंग चालू असताना पण टेस्ट करता येते, लघवीत थोडं रक्त मिसळलं म्हणून निकाल बदलत नाही, फक्त आधी पुसून घ्या.

निकाल आल्यावर

२१ दिवसांनी निगेटिव्ह आणि पाळी आलेली, तर झालं. निगेटिव्ह पण पाळी अजून नाही, तर एक आठवडा थांबून परत करा. तीही निगेटिव्ह आली आणि पाळीचा पत्ता नाही तर डॉक्टरकडे जा, कारण मग प्रश्न गर्भाचा कमी आणि पाळी का थांबली याचा जास्त असतो, थायरॉइड, पीसीओएस, मोठा ताण, वजनात फरक, असं काहीतरी. रक्तातली बीटा एचसीजी टेस्ट लघवीपेक्षा थोडी आधी आणि जास्त नेमकं सांगते, ज्यांची पाळी मुळातच अनियमित आहे त्यांच्यासाठी ती बरी पडते. पाळी अनियमित असेल तर "पाळी लांबली का" हा प्रश्नच बाजूला ठेवायचा, फक्त २१ दिवस धरायचे.

गोळीनंतर लगेच रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या असतील तरी हाच नियम, कारण त्या गोळ्यांमुळेही डाग पडतात आणि पाळी नेमकी कधीची ते कळत नाही. लेव्होनॉरजेस्ट्रेलनंतर त्या लगेच सुरू करता येतात, युलिप्रिस्टलनंतर पाच दिवस थांबावं लागतं. दोन्ही वेळेला सुरुवातीचे सात दिवस कंडोम सोबत हवाच.

पॉझिटिव्ह आली तर दोन गोष्टी. पहिली, लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीमुळे गर्भाला इजा होते असं आढळलेलं नाही, त्यामुळे तेवढ्या एका भीतीपोटी कुठलाही निर्णय घाईने घेऊ नका. दुसरी, गर्भ गर्भाशयातच आहे ना हे सोनोग्राफीत बघून घेणं गरजेचं आहे, म्हणून डॉक्टरकडे जायला उशीर करू नका, प्रेग्नन्सी ठेवायची असो वा नसो. आणि गोळी घेतली होती हे त्यांना सांगा, तारखांचा कागद दाखवा.

थांबायचं नाही अशी लक्षणं

मोठं पॅड तासाभरात पूर्ण भिजतंय आणि असं सलग दोन-तीन तास चालू आहे. लिंबाएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडतायत. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येतेय. पोटात एकाच बाजूला जोरात दुखतंय आणि दुखणं वाढत चाललंय. खांद्याच्या टोकाला कारण नसताना दुखतंय, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण पोटात आत रक्त साचलं की ते तिथे जाणवू शकतं. ताप आणि घाण वासाचा स्राव. यातलं काहीही असेल तर २१ दिवसांचा हिशोब बाजूला ठेवून त्याच दिवशी, अंधारी किंवा एकतर्फी जोराचं दुखणं असेल तर त्याच तासाला, हॉस्पिटलमध्ये जा. गर्भ नळीत रुजला असेल तर डागांसारखं थोडंसंच ब्लीडिंग होतं आणि बाई ती पाळी समजून बसते, म्हणून रक्त किती आहे यापेक्षा दुखणं कसं आहे याकडे लक्ष ठेवा.

घाई नाही पण दाखवायला हवं अशा गोष्टी पण आहेत: डाग दहा दिवसांहून जास्त चालू राहिले, किंवा पुढच्या दोन पाळ्या झाल्या तरी मधेमधे ब्लीडिंग थांबलं नाही, किंवा संबंधांनंतर दर वेळी रक्त दिसतं. एवढ्या दिवसांनी ते गोळीचं राहत नाही, त्याचं कारण दुसरं असतं, एखादं इन्फेक्शन, पॉलिप किंवा गर्भाशयाच्या मुखाचा काही त्रास, आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही. जाताना त्या तीन ओळी सोबत न्या, कुठल्या दिवशी किती पॅड ते लिहिलेल्या, कारण तिथे गेल्यावर पहिला प्रश्न तोच येतो, "शेवटची पाळी कधी आली होती?", आणि तेव्हा मधल्या ब्लीडिंगची तारीख सांगू नका, त्याआधीच्या खऱ्या पाळीची सांगा आणि मधलं ब्लीडिंग वेगळं सांगा.